तक्रारीच्या फॉर्मात काय काय विचारायचं, आणि कशासाठी

प्रश्न: मी शाळेच्या ऑफिसला आहे. आमच्याकडे तक्रारीचा जुना फॉर्म आहे त्यात नाव, तारीख, विषय, तपशील आणि सही एवढंच आहे. सरांनी नवीन बनवायला सांगितलाय. कुठले रकाने टाकू आणि का ते कोणी नीट सांगेल का? बहीण कंपनीत एचआरला आहे, तिलाही हवाय.

उत्तर:

आधी काही वर्षं एचआर डेस्क आणि नंतर शाळेचं ऑफिस असं दोन्ही केलंय, आणि आमचाही फॉर्म एकेकाळी अगदी हाच होता. त्यावर एकदा काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे कुठला रकाना का ते वेगळं समजावावं लागणार नाही.

सातवीतल्या एका मुलाचे वडील २५ तारखेला, बुधवारी सकाळी आले. चांगलेच चिडलेले. मुलाचा चष्मा फुटलाय, मोठी मुलं जिन्यात ढकलतात, रोजचं झालंय, वर्गशिक्षकांना सगळं माहितीये पण ते बघून न बघितल्यासारखं करतात. आमच्या क्लार्कनी फॉर्म पुढे घेतला. विषय: 'वर्गशिक्षकांचे दुर्लक्ष'. तपशील: 'मोठ्या वर्गातील विद्यार्थी पाल्यास वारंवार त्रास देतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.' सही घेतली, फॉर्म ट्रेमध्ये. शनिवारी तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला, त्यांनी विषय वाचला आणि साहजिकच वर्गशिक्षकांना बोलावलं, ते भडकले, त्यांनी लेखी खुलासा दिला, मग पालकांनी खुलाशावर खुलासा दिला, आणि हे सगळं चालू असताना जिन्यात नेमकं काय झालं हे त्या मुलाला विचारायचं कुणाला सुचलंच नाही, थेट पुढच्या महिन्याच्या ४ तारखेपर्यंत. तोवर चष्मा फुटला त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं आणि मुलाला आणखी तीनदा ढकललेलं.

क्लार्कची यात चूक नव्हती बरं का. त्यांनी फॉर्मने जे विचारलं ते लिहिलं.

तर पहिली गोष्ट म्हणजे 'विषय' हा रकाना तक्रारदाराच्या भागातून काढून टाका. हा सगळ्यात घातक रकाना आहे, कारण माणसानी अजून तोंड उघडलेलं नसतं आणि आपण त्याच्याकडून निष्कर्ष मागतो. एचआरच्या फॉर्ममध्ये हेच 'तक्रारीचा प्रकार' म्हणून टिक करायचे चौकोन असतात, वर्तणूक, पगार, भेदभाव, इतर. एकदा 'वर्तणूक' वर टिक झाली की माणूस पुढे सगळं वर्तणुकीचंच लिहितो, आणि ओव्हरटाइमचे तास कापले गेले ही मूळ गोष्ट शेवटच्या ओळीत येते नाहीतर येतच नाही. प्रकार लागतो, नाही असं नाही, वर्षाच्या शेवटी कुठल्या प्रकारच्या किती आल्या हे बघायला लागतोच. पण तो 'ऑफिसच्या वापरासाठी' या भागात ठेवा, मागच्या पानावर, आणि तो तक्रार वाचून झाल्यावर घेणाऱ्यानी भरायचा, एकापेक्षा जास्त टिक चालतील असा.

त्याच्या जागी पुढच्या पानावर मोठा मोकळा चौकोन, अर्धं पान तरी, आणि त्यावर 'तपशील' असं न लिहिता सरळ 'काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा, शेवटचं जे झालं तिथून सुरुवात केली तरी चालेल' असं लिहा. शेवटच्या प्रसंगापासून का, तर तो ताजा असतो, त्याची तारीख वेळ आठवते, आणि एकदा तो नीट सांगितला की आधीचे आपोआप आठवायला लागतात. पहिल्यापासून सांगा म्हटलं की लोक 'दोन वर्षांपासून असंच चाललंय' इथे अडकतात.

क्लार्क लिहून घेत असेल तर बोललेलं जसंच्या तसं लिहायचं. हे सांगायला सोपं, पाळायला फार अवघड, कारण आपल्याला ऑफिसची भाषा अंगवळणी पडलेली असते. 'तो मला म्हणाला, तुझ्यासारखे छप्पन बघितलेत' याचं आपण 'संबंधितांनी अपमानास्पद भाषा वापरली' करून टाकतो आणि झालं, पुढच्या माणसाला चौकशीत विचारायला काही उरतच नाही. नेमके शब्द असले तर समोरच्याला विचारता येतं की असं म्हणालात का, हो का नाही. 'अपमानास्पद भाषा' वर कोणीही नाहीच म्हणणार. म्हणून चौकोनाखाली एक छोटी ओळ: कोणी लिहिलं, स्वतः की दुसऱ्यानी, दुसऱ्यानी लिहिलं असेल तर त्याचं नाव, आणि 'वाचून दाखवलं, बरोबर आहे' याची वेगळी सही. महिन्याभरानी 'मी असं म्हणालोच नव्हतो' निघतं ना, त्यावर ही एक ओळ उपयोगी पडते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रकाना, जो मी कुठल्याच तयार फॉर्ममध्ये पाहिला नाही. तो म्हणजे 'हे तुम्हाला कसं माहिती?' त्याखाली चार पर्याय: स्वतः पाहिलं किंवा ऐकलं, ज्याच्यावर झालं त्यानी सांगितलं, तिसऱ्याकडून कळलं, मला असं वाटतं. त्या वडिलांचंच घ्या. त्यांनी स्वतः काय पाहिलं होतं? फुटलेला चष्मा आणि कोपराला खरचटलेलं, एवढंच. जिन्यात ढकललं हे मुलानी सांगितलेलं. रोज होतं हे मुलाच्या मित्राच्या आईकडून. आणि वर्गशिक्षकांना माहिती असून दुर्लक्ष करतात, हा त्यांचा अंदाज, कारण मुलगा म्हणाला होता की 'सरांना दिसतं ना'. त्याचा अर्थ सरांना दिसत असणारच असा होता, सरांनी पाहिलं असा नव्हता. चार वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी, आणि आमच्या फॉर्मनी त्यातली सगळ्यात हलकी उचलून विषयात टाकली.

हा रकाना अविश्वास दाखवायला नाहीये, हे क्लार्कला आणि समोरच्याला दोघांना सांगावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं पोलिसी चाललीये. ऐकीव गोष्ट टाकून द्यायची नसते, उलट ती पुढे कोणाकडे जायचं ते दाखवते. मित्राच्या आईकडून कळलं म्हटलं की मित्र हा साक्षीदार आहे हे लगेच समजतं. आणि 'असं वाटतं' हेही लिहून ठेवायचं, पुष्कळदा ते खरंच निघतं, फक्त ते पाहिलेल्या गोष्टीत मिसळू द्यायचं नाही.

मूल स्वतः समोर असेल तर इथे एक जपायचं. तक्रार घेताना मुलाला फक्त 'काय झालं', 'मग काय झालं', 'आणखी कोण होतं' एवढंच विचारायचं. 'तुला अमक्यानीच ढकललं ना' असं विचारलं की उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलं, आणि मोठ्या माणसांनी परत परत विचारलं की मुलं आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं असं समजून बदलतात. म्हणून फॉर्मवर एक ओळ ठेवा: मुलाशी याआधी यावर कोण कोण बोललं. लैंगिक स्वरूपाची किंवा अशी काही गंभीर गोष्ट वाटली तर क्लार्कनी तिथेच थांबायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं आणि त्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे त्याच तासाला द्यायचं. या गोष्टींची कायद्यानी ठरलेली वाट वेगळी असते आणि तिथे आपला साधा फॉर्म पुरत नाही. कंपनीतही तसंच.

तारखा. 'तारीख' असा एकच रकाना असेल तर तो सही केल्याची तारीख होतो, आणि प्रसंग कधी झाला ते कुठेच राहत नाही. किमान तीन हव्यात: पहिल्यांदा कधी झालं, शेवटचं कधी झालं, आणि ऑफिसला तक्रार कधी मिळाली, वेळेसकट. पहिल्या दोनपुढे 'नक्की / अंदाजे' अशी टिक. लोकांना तारीख आठवत नाही, पण वार आठवतो, तास आठवतो, शिफ्ट आठवते, त्यामुळे 'त्या वेळी काय चालू होतं' ही एक ओळ मी ठेवतो, आणि तीच सगळ्यात जास्त कामाला येते. 'रोज', 'नेहमी', 'सतत' हे शब्द फॉर्मवर आले की क्लार्कनी एकच प्रश्न विचारायचा, मागच्या आठवड्यात कुठल्या कुठल्या दिवशी?

आमच्या केसमध्ये ४ तारखेला जेव्हा मुलाला हे शेवटी विचारलं तेव्हा रोजचं निघालं सोमवार आणि गुरुवार. का तर त्या दोन दिवशी पीटीच्या तासाहून परत येताना सातवी मागच्या जिन्यानी वर चढते आणि त्याच वेळी नववी लॅबसाठी त्याच जिन्यानी खाली उतरते. वेळापत्रक समोर ठेवलं तर पाच मिनिटांत दिसलं असतं. पुढे असंही दिसलं की त्या जिन्यावर ज्यांची ड्यूटी होती त्यांना त्याच वेळेला वरच्या मजल्यावर तास दिलेला होता, म्हणजे जिना रिकामाच. वर्गशिक्षकांचा यात कुठे संबंधही नव्हता, ते त्या वेळी भलत्याच वर्गावर.

आणि चष्मा फुटला तो दिवस १२ तारीख, गुरुवार. मुलानी घरी आधी पडलो म्हणून सांगितलं होतं, म्हणून वडील उशिरा आले. आमच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग १५ दिवस राहायचं, नंतर त्यावरच नवीन चढायचं. म्हणजे तक्रार आली त्या दिवशी ते हातात होतं आणि अजून दोन दिवस राहणार होतं. फॉर्मवर १२ तारीख असती तर कोणीतरी ते त्याच दिवशी वेगळं काढून ठेवलं असतं. म्हणून पुराव्याच्या रकान्यात 'पुरावे जोडा' असं लिहू नका, लोक ते वाचून घाबरतात की आपल्याकडे काहीच नाही. 'कुठे काय मिळू शकेल' असं विचारा: कॅमेरा, मेसेज, हजेरीचं रजिस्टर, गेटची नोंद, दुरुस्तीची पावती, तिथे असलेले लोक. आणि शेजारी ऑफिससाठी बारीक चौकोन, 'यातलं लवकर पुसलं जाणारं काय, राखून ठेवायला कोणाला कधी सांगितलं'. स्वतःच्या ऑफिसचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते आधी माहिती करून फॉर्मच्या मागेच छापून टाका, क्लार्कला ते पाठ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. मूळ वस्तू किंवा कोणाचा फोन ठेवून घ्यायचा नाही, प्रत किंवा फोटो घ्यायचा आणि काय घेतलं ते लिहायचं.

आता एक प्रश्न जो पानाच्या अगदी वर हवा, नावाच्याही आधी: ज्याला त्रास झाला तो आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो, हे दोघं परत समोरासमोर कधी येणार? बघा, तक्रारी किती गंभीर आहेत हे पहिल्या दिवशी कोणालाच ठरवता येत नाही, पण आपल्याकडे वेळ किती आहे हे या एका प्रश्नानी कळतं. बुधवारी सकाळी आलेल्या वडिलांना हा प्रश्न विचारला असता तर उत्तर होतं उद्या, आणि मग तो कागद शनिवारपर्यंत ट्रेमध्ये राहिला नसता. काही मोठी कारवाई लागत नव्हती हो, गुरुवारी सातवीला पुढच्या जिन्यानी आणलं असतं तरी चाललं असतं. कंपनीत हाच प्रश्न म्हणजे पुढची शिफ्ट एकत्र आहे का, एकाच गाडीनी येता का, येत्या दिवसांत त्याच्याकडूनच रजा मंजूर करून घ्यायचीये का. खाली ओळ: आज काय केलं, कोणी केलं. हे तात्पुरतं करताना तक्रार करणाऱ्यालाच हलवायचं नाही एवढं लक्षात ठेवा, जागा त्याची बदलली की सगळ्यांना शिक्षा त्यालाच झाल्यासारखी दिसते.

बहिणीसाठी आता. एचआरच्या फॉर्ममध्ये मी हमखास बघितलेली गोष्ट म्हणजे खाली 'रिपोर्टिंग मॅनेजरची सही' असते. का असते तर रजेच्या अर्जावर असते म्हणून, कोणीतरी तोच फॉर्म कॉपी करून बनवलेला असतो. बऱ्याच तक्रारी मॅनेजरबद्दलच असतात. एकदा एका मुलीनी असा फॉर्म भरला, सहीसाठी ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याकडेच न्यावा लागेल हे शेवटच्या ओळीला आल्यावर तिच्या लक्षात आलं, तिनी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि चार महिन्यांनी राजीनामा देताना तो आम्हाला दाखवला. ती सही काढाच. त्याऐवजी दोन रकाने हवेत. एक, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचं तुमच्याशी कामाचं नातं काय: वरिष्ठ, बरोबरीचा, हाताखालचा, बाहेरचा. आणि दुसरा, हा फॉर्म कोणाकडे जाऊ नये असं तुम्हाला वाटतं? दुसऱ्याचं उत्तर कारण न विचारता घ्यायचं. त्यातून कळतं की चौकशी कोणाला द्यायची नाही, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार तो तर नाहीच, पण त्याचा जवळचा, त्याच्या हाताखालचा, किंवा ज्यानी आधी ही तक्रार दाबली असं म्हणणं आहे तो पण नाही. शाळेतही हे लागू आहे, तक्रार मुख्याध्यापकांबद्दल असेल तर कागद कुठे जाणार हे फॉर्म छापायच्या आधी ठरलेलं पाहिजे. तुमच्या सरांना हे विचारायला अवघड जाईल माहितीये, पण विचाराच.

'याआधी कोणाला सांगितलं होतं' हाही रकाना इथेच. कधी, कोणाला, तोंडी की लेखी, ते काय म्हणाले. बऱ्याच वेळा तिसऱ्यांदा सांगतायत हे यातून दिसतं, आणि मग मूळ तक्रारीइतकीच पहिल्या दोन वेळी काय झालं ही चौकशी करावी लागते.

'तुम्हाला काय व्हावं असं वाटतं' हे विचारा, पण खाली बारीक अक्षरात लिहा की हे नोंदवून घेतलंय, कबूल केलेलं नाही. 'योग्य ती कारवाई व्हावी' हे उत्तर नाही, ते सवयीनी लिहिलं जातं, तेव्हा क्लार्कनी एकदा विचारायचं की म्हणजे काय झालं तर तुम्ही म्हणाल की बरं झालं? वडिलांना शेवटी विचारलं तर म्हणाले जिन्यात कोणीतरी उभं राहावं आणि चष्म्याचे पैसे ढकलणाऱ्या मुलाच्या घरून मिळावेत, शिक्षकांवर काही नको. पण कोणी 'मला काही नको, फक्त कानावर घातलं' म्हणालं म्हणून गंभीर गोष्ट नुसती फाइल करायची नाही, आणि म्हणूनच 'हे कोणालाच सांगणार नाही' असं वचन काउंटरवर कधी द्यायचं नाही. ज्यांना कळल्याशिवाय काम होणार नाही त्यांनाच कळेल, इतकंच म्हणता येतं.

नाव, वर्ग किंवा विभाग, फोन हे घ्यायचंच, सोबत 'कुठल्या वेळी आणि कुठल्या नंबरवर फोन चालेल' हे पण, कारण ऑफिसचा फोन नेमका त्या मॅनेजरसमोर वाजला की संपलं. नाव मात्र सक्तीचं करू नका, ऑनलाइन फॉर्म असेल तर त्या रकान्याला लाल चांदणी नको. निनावी तक्रारीत मागे फिरून काही विचारता येत नाही ही तिची मर्यादा, तेवढं त्या रकान्याशेजारी लिहून ठेवा की नाव नसेल तर जागा, वेळ आणि तिथे कोण कोण होतं हे जास्त नीट लिहा.

काय नको तेही सांगतो. 'तक्रार खोटी आढळल्यास कारवाई होईल' ही ओळ सहीच्या वर छापलेली असते, ती वाचून खोटं बोलणारा थांबत नाही, घाबरलेला थांबतो. 'दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक' हेही काढा, त्रास बहुतेक वेळा कोणी नसतानाच दिला जातो. 'यात तुमची काही चूक होती का' असलं पण मी एका फॉर्ममध्ये पाहिलंय, काय बोलणार. जात, धर्म, लग्न, आजार हे नेहमीचे रकाने म्हणून नकोत, तक्रारच त्यावरून झालेल्या भेदभावाची असेल तर माणूस मोकळ्या चौकोनात स्वतःच लिहितो.

शेवटी पोच. फॉर्मच्या तळाला फाडून द्यायची पट्टी: नोंद क्रमांक, मिळाल्याची तारीख-वेळ, घेणाऱ्याचं नाव, आणि पुढचा निरोप कुठल्या तारखेपर्यंत येईल ती तारीख. 'लवकरच कळवू' नाही, तारीख. निकालाची तारीख देता येत नाही, पण 'बुधवारपर्यंत फोन करू, काही झालं नसलं तरी' हे देता येतं. आवक रजिस्टरमध्ये फक्त नोंद क्रमांक आणि तारीख चढवायची, नाव आणि तपशील नाही, ते रजिस्टर दिवसभर काउंटरवर उघडं पडलेलं असतं. नंतर कोणाला भर घालायची असेल तर पहिल्या कागदावर खाडाखोड नको, तोच नोंद क्रमांक टाकून नवीन कागद, त्या दिवसाच्या तारखेनी.

एवढं सगळं दोन पानांत बसवा, पुढचं पान तक्रारदाराचं, मागचं ऑफिसचं, तिसरं पान झालं की लोक भरत नाहीत. आणि छापायच्या आधी एक करून बघा, एखादी जुनी मिटलेली तक्रार नावं बदलून नव्या फॉर्मवर भरा आणि ज्याला ती माहिती नाही अशा कोणाला तरी द्या, विचारा की उद्या सकाळी तू पहिलं काय करशील. त्याला तक्रारदाराला फोन करून जे विचारावंसं वाटेल तो तुमचा राहिलेला रकाना. आमच्या पहिल्या खेपेला त्यानी विचारलं होतं 'कुठला जिना?', जागेचा रकानाच आम्ही विसरलो होतो.